मुलांच्या फोटोंवरून अवतारचित्रे: पालकांना पत्र लिहिण्याची रीत

वर्गातल्या मुलांचे फोटो घेऊन त्यांवरून संगणकावर अवतारचित्रे करून घेण्याचा उपक्रम जे शिक्षक प्रथमच हाती घेत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. चित्रे कशी काढावीत यापेक्षा त्याआधी घरोघरी जाणारे पत्र कसे लिहावे, हा त्याचा विषय आहे. "आपल्या पाल्याचा फोटो सुरक्षित ठेवला जाईल" असे एक वाक्य घालून सही मागितली, तर पालक सही करतातही; पण फोटो कोठे राहणार, कोणाच्या हाती पडणार आणि केव्हा पुसला जाणार, यांपैकी काहीच त्यांना कळलेले नसते. म्हणून फोटो कॅमेऱ्यात आल्यापासून पुसला जाईपर्यंत ज्या ज्या ठिकाणी जातो, ती ठिकाणे क्रमाने सांगणे हीच पत्राची मांडणी ठेवावी, असे माझे मत आहे. संरक्षणाचे उपाय मग वेगळे सांगावे लागत नाहीत. त्या त्या ठिकाणी ते आपोआप येतात.

उदाहरणासाठी देवगड तालुक्यातली, किनाऱ्यालगतची एक शाळा डोळ्यांसमोर ठेवू. इयत्ता सातवीत ३२ मुले आहेत, संगणक कक्षात ८ संगणक चालू स्थितीत आहेत आणि त्यांवर इंकस्केप हे मोफत चित्रकला सॉफ्टवेअर आहे, जे इंटरनेटशिवाय चालते. मुलांनी फोटो खालच्या थरावर ठेवून वरच्या थरावर रेषा गिरवायच्या, रंग भरायचे आणि शेवटी फोटोचा थर काढून टाकायचा, असा उपक्रम आहे.

पहिली पायरी: फोटोची वाट आधी ठरवा

पत्र लिहायला बसण्यापूर्वी फोटो कशाने काढायचा हे ठरले पाहिजे. शिक्षकाचा स्वतःचा फोन सोयीचा असतो, पण तो टाळावा. अनेक फोनांवर फोटो आपोआप खात्यात साठवण्याची सोय चालू असते, म्हणजे फोटो काढल्यानंतर थोड्याच वेळात त्याची एक प्रत आपल्या खासगी खात्यात गेलेली असते आणि फोनमधला फोटो पुसूनही ती कचरापेटीत काही आठवडे राहू शकते. शाळेचा साधा डिजिटल कॅमेरा असेल तर तो घ्यावा. शाळेचा टॅब असेल, तर त्याचे इंटरनेट आणि कॅमेऱ्यातली स्थळनोंद दोन्ही बंद करून तो वापरावा.

दुसरा निर्णय संकेतस्थळांचा. फोटो चढवला की क्षणात कार्टून करून देणारी अनेक ॲप आणि संकेतस्थळे आहेत. त्यांत फोटो कंपनीच्या संगणकावर जातो, तो तेथे किती काळ राहतो हे तिच्या अटींवर ठरते, आणि आपण आपल्याकडची प्रत पुसली तरी तिकडच्या प्रतीवर आपला हात पोहोचत नाही. यांपैकी अनेक सेवांच्या अटींत वयाची मर्यादाही असते, जी सातवीतली मुले पूर्ण करीत नाहीत. ज्या गोष्टीची खात्री आपल्याला देता येणार नाही ती पत्रात लिहिता येत नाही, म्हणून अशी सेवा वर्गात वापरू नये. मुलांना त्यात गंमत जास्त वाटली असती हे खरे आहे, पण थर, बिंदू आणि वक्ररेषा हा जो धडा शिकवायचा आहे, तो त्यात शिकवलाच जात नाही.

तिसरा निर्णय असा की घरून फोटो मागवायचे नाहीत. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर तारीख, वेळ आणि स्थळनोंद चालू असल्यास अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात. विंडोज संगणकावर फाइलवर उजवी कळ दाबून `Properties` आणि त्यातील `Details` उघडले की ते खाली `GPS` या मथळ्याखाली दिसतात. घराच्या अंगणात काढलेला फोटो असेल, तर तो घराचा नेमका पत्ताच असतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास ही नोंद गळून पडते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास ती जशीच्या तशी येते, आणि कोणता पालक कसा पाठवील हे आपल्या हाती नसते.

शिवाय ही नोंद काढून टाकली तरी पार्श्वभूमी बोलते. आपल्याकडे घरचा फोटो म्हटला की मागे पडवीवरची नावाची पाटी, ग्रामपंचायतीचा घरक्रमांक, नाहीतर किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी आणि तिच्यावर रंगवलेला नोंदणी क्रमांक येतो. त्या क्रमांकावरून मालक कोण हे बंदरावर कोणीही सांगेल. म्हणून फोटो शाळेतच, पांढऱ्या चादरीपुढे, गणवेशावरचा शाळेचा बिल्ला काढून घ्यावेत.

दुसरी पायरी: सगळे आधी स्वतःच्या फोटोवर करून पाहा

ही पायरी नवखे शिक्षक गाळतात, आणि पत्रातले सर्वांत महत्त्वाचे आश्वासन नेमके येथेच खोटे ठरण्याचा धोका असतो. इंकस्केपमध्ये फोटो आणताना एक चौकट उघडते आणि `Embed` की `Link` असे विचारते. `Embed` निवडले, तर संपूर्ण फोटो चित्राच्या फाइलमध्येच साठवला जातो. मुलाने गिरवणे संपल्यावर फोटोच्या थरापुढचा डोळा मिटला, की पडद्यावर फक्त चित्र दिसते आणि काम झाले असे वाटते; पण फोटो फाइलमध्ये तसाच असतो, आणि ती फाइल ज्याला मिळेल त्याला डोळा पुन्हा उघडून मूळ चेहरा पाहता येतो. फोटोचा फक्त चेहऱ्यापुरता भाग चौकटीत कापून दाखवला असला, तरी कापलेला भागही आत शाबूत असतो.

ओळखण्याची खूण सोपी आहे. केवळ रेषा आणि रंग असलेली फाइल साधारणपणे काही दहा किलोबाइटांची असते. फोटो आत असलेली फाइल कित्येक मेगाबाइटांची होते, कारण फोटो अक्षररूपात लिहिला जाताना मूळ आकाराच्या सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. शंका असल्यास ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून `<image` हा शब्द शोधावा. फोटो आत असेल तर असे काहीतरी सापडते:

```
<image
   xlink:href="data:image/jpeg;base64,/9j/4AAQ
```

असे सापडले, तर थर लपवलेला आहे, काढलेला नाही. इंकस्केपमध्ये परत जाऊन फोटो निवडावा, `Delete` कळीने काढावा, फाइल पुन्हा साठवावी आणि पुन्हा शोधावे. `Link` निवडल्यास फोटो आत जात नाही, मात्र फोटोच्या फाइलचे नाव आणि ती कोणत्या फोल्डरात आहे हे लिहिले जाते. फाइलला मुलाचे नाव दिलेले असेल तर ते नाव चित्राबरोबर बाहेर जाते. म्हणून फोटोंना पहिल्यापासून क्रमांकच द्यावेत आणि कोणता क्रमांक कोणाचा, याची यादी कागदावर ठेवावी. मुलांच्या हाती किंवा फलकावर जाणारे चित्र नेहमी `PNG` स्वरूपात निर्यात केलेले असावे. त्यात दिसते तेवढेच असते, मागे लपलेला थर नसतो.

तिसरी पायरी: "नको" म्हणणाऱ्यांची वाट

संमती खरी असायची तर नकार सोपा असला पाहिजे. ज्या मुलांचे पालक फोटोला नाही म्हणतील त्यांना मागच्या बाकावर बसवून दुसरेच काहीतरी काढायला दिले, तर पुढच्या वर्षी कोणी नाही म्हणणार नाही, आणि तो होकार निरुपयोगी असेल. अशा मुलांनी आरशात पाहून कागदावर स्वतःचा चेहरा पेन्सिलीने काढावा, त्या कागदाचा फोटो संगणकावर घ्यावा आणि पुढे सर्वांसारखेच गिरवावे. तयार चित्रांकडे पाहून कोणते फोटोवरून केले आणि कोणते आरशावरून, हे सहसा सांगता येत नाही, आणि तेच हवे आहे. आरसा पुरेसा असेल तर फोटो हवाच कशाला, असे एखादा पालक विचारील, आणि प्रश्न रास्त आहे. फोटोवरून गिरवताना नाक, डोळे, कपाळ यांची खरी प्रमाणे हाताला कळतात, एवढेच त्याचे उत्तर आहे. चौथीपर्यंतच्या वर्गांत मात्र तेवढ्यासाठी फोटो घेऊ नये. तेथे आरसाच चांगला.

चौथी पायरी: पत्र केव्हा आणि कोणाकडे

आपल्या किनारपट्टीवर पत्राची वेळही पाहावी लागते. यांत्रिक नौकांची पावसाळी मासेमारी बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते. ती उठली की अनेक वडील दिवसेंदिवस समुद्रावर असतात. दुसरीकडे, ज्यांचे आईवडील मुंबईला नोकरीला आहेत, अशी आजीआजोबांकडे राहणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, आणि ते चाकरमानी गणपतीला गावी येतात. म्हणून पत्र जुलैमध्ये द्यावे आणि उत्तराची मुदत गणपतीच्या सुट्टीनंतरची ठेवावी, म्हणजे दोन्ही प्रकारच्या घरांत ते आईवडिलांच्या हाती पडते. मुलाला सांभाळणाऱ्या आजीने सही केली असली, तरी आईवडिलांना फोनवर पत्र वाचून दाखवावे आणि कोणाशी, कोणत्या तारखेला बोलणे झाले हे चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवावे.

१८ वर्षांखालील मुलाची वैयक्तिक माहिती संगणकीय रीतीने हाताळण्यापूर्वी पालकाची, पडताळून पाहता येईल अशी संमती घ्यावी, हे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे सूत्र आहे. पत्रात कलमे भरण्याची गरज नाही. संमती कशासाठी, किती काळ आणि ती परत कशी घ्यायची, हे स्वच्छ लिहिले की पुरे.

पाचवी पायरी: पत्र

मुख्याध्यापकांनी वाचून मान्य केलेले पत्र साधारण असे असावे.

> सन्माननीय पालक, सप्रेम नमस्कार.
>
> इयत्ता सातवीच्या संगणक तासिकांमध्ये यंदा मुले स्वतःचे अवतारचित्र तयार करणार आहेत. अवतारचित्र म्हणजे आपल्या चेहऱ्यावरून काढलेले, व्यंगचित्राच्या धाटणीचे छोटे चित्र, जे संगणकावर फोटोऐवजी वापरता येते. यासाठी आपल्या पाल्याचा एक फोटो घेण्याची आपली परवानगी हवी आहे. परवानगी देण्यापूर्वी त्या फोटोचे काय होणार, हे कृपया वाचावे.
>
> फोटो शाळेच्या कॅमेऱ्याने, वर्गात, पांढऱ्या पडद्यापुढे घेतला जाईल. त्यात खांद्यापर्यंतचा भाग असेल. त्या वेळी वर्गशिक्षक आणि आणखी एक शिक्षिका हजर असतील. शिक्षकांच्या खासगी फोनने एकही फोटो घेतला जाणार नाही. घरून फोटो पाठवू नयेत.
>
> फोटो कॅमेऱ्यातून तारेने संगणक कक्षातील संगणकावर घेतला जाईल. उपक्रम चालू असेपर्यंत त्या संगणकांची इंटरनेट जोडणी बंद राहील. फोटोच्या फाइलला नाव न देता क्रमांक दिला जाईल. प्रत्येक मूल फक्त स्वतःच्या फोटोवर काम करील. फोटो कोणत्याही ॲपवर, संकेतस्थळावर किंवा व्हॉट्सॲप गटावर टाकला जाणार नाही.
>
> चित्र पूर्ण झाल्यावर त्यातील फोटोचा थर काढला जाईल आणि तो खरोखर निघाला आहे, हे शिक्षक प्रत्येक फाइल उघडून तपासतील. शेवटच्या तासिकेनंतर सात दिवसांच्या आत सर्व फोटो संगणकांवरून आणि कॅमेऱ्याच्या कार्डावरून पुसले जातील. तसे झाल्याचे आपल्याला लेखी कळवले जाईल.
>
> तयार चित्र वर्गातील फलकावर नावाशिवाय लावले जाईल आणि त्याची छापील प्रत पाल्याबरोबर घरी दिली जाईल. चित्र फोटोइतके स्पष्ट नसले, तरी पाल्याला ओळखणारी व्यक्ती त्याला चित्रावरूनही ओळखू शकेल, हे लक्षात घ्यावे. म्हणून फलकावर चित्र लावण्याची परवानगी खाली वेगळी विचारली आहे.
>
> आपली इच्छा नसल्यास कारण देण्याची आवश्यकता नाही. पाल्य आरशात पाहून काढलेल्या चित्रावरून हाच उपक्रम पूर्ण करील आणि गुणांमध्ये काहीही फरक पडणार नाही. आपण परवानगी दिली, पण पाल्याने स्वतः फोटोला नकार दिला, तर फोटो घेतला जाणार नाही. दिलेली परवानगी केव्हाही तोंडी किंवा लेखी परत घेता येईल. त्यानंतर दुसऱ्या शालेय दिवसापर्यंत फोटो पुसला जाईल.
>
> चिठ्ठी परत न आल्यास आपली परवानगी नाही, असे समजले जाईल. या उपक्रमातील फोटो शाळेबाहेर कोठेही आढळल्यास मुख्याध्यापकांना ताबडतोब कळवावे. चाइल्डलाइन १०९८ या क्रमांकावर आणि cybercrime.gov.in या शासकीय संकेतस्थळावरही आपल्याला थेट तक्रार करता येते.
>
> आपले,
> वर्गशिक्षक, इयत्ता सातवी
> मुख्याध्यापक

पत्रातला "सात दिवसांच्या आत" हा शब्दप्रयोग जपून निवडलेला आहे. "लवकरात लवकर" असे लिहिले तर कोणाला काही विचारता येत नाही. "फोटो कायमचा नष्ट केला जाईल" असेही लिहिलेले नाही, कारण कार्डावरून पुसलेली फाइल विशेष सॉफ्टवेअरने काही वेळा परत मिळवता येते आणि नसलेली खात्री आपण देऊ नये. ते कार्ड मुख्याध्यापकांच्या कपाटातून बाहेर जाऊ न देणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

सहावी पायरी: चिठ्ठी

पत्राखाली कापून द्यायच्या चिठ्ठीवर एकच "संमती आहे" असा रकाना नसावा. फोटो घेणे, वर्गातील फलकावर चित्र लावणे आणि वार्षिक स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात ते ठेवणे, या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रत्येकीसमोर "हो" आणि "नाही" असे दोन्ही रकाने रिकामे छापावेत. "हो"वर आधीच खूण करून ठेवलेली चिठ्ठी ही संमती नव्हे. पहिल्याला हो आणि तिसऱ्याला नाही म्हणणारे पालक बरेच निघतात. मुलाच्या सहीसाठीही एक ओळ ठेवावी. सातवीतल्या मुलाला स्वतःच्या चेहऱ्याबद्दल मत असते, आणि विशेषतः या वयातल्या मुली फोटोला संकोचतात हे घरी सांगत नाहीत.

सातवी पायरी: पालकसभेत वाचून दाखवणे

पत्र नुसते दप्तरातून पाठवू नये. सभेत मोठ्याने वाचावे. पहिला प्रश्न बहुधा एखाद्या आजीकडून येतो: "बाई, ह्यो फोटो मोबाईलार फिरतलो तर नाय मा?" त्यामागची भीती खरी असते. चेहऱ्याचा स्पष्ट फोटो दुसऱ्याच चित्राला जोडून मुलीची बदनामी केल्याच्या बातम्या सर्वांनी वाचलेल्या असतात. अशा वेळी "आजी, काळजी करू नका" एवढे म्हणून पुढे जाऊ नये. फोटो कोणत्या डब्यात राहणार तो संगणक दाखवावा, त्याची इंटरनेटची तार काढून हातात घ्यावी, वायफायही बंद असल्याचे पडद्यावर दाखवावे आणि आपल्या स्वतःच्या फोटोवर केलेले चित्र, फोटोच्या थरासह आणि थराशिवाय, सगळ्यांसमोर उघडावे. नोटपॅडमधला शोध दाखवला तर पालकांपैकी तरुण मंडळी त्यात विशेष रस घेतात.

कोणी "फोटो गटावर टाका, आम्ही पण बघू" असाही आग्रह धरतो, आणि तो प्रेमापोटीच असतो. गटावर पडलेला फोटो प्रत्येक सदस्याच्या फोनमध्ये उतरतो आणि तेथून तो पुसणे शाळेच्या हाती राहत नाही, एवढे सांगून नम्रपणे नाही म्हणावे. चित्राची छापील प्रत घरी येणारच आहे.

आठवी पायरी: पुसणे आणि कळवणे

शेवटच्या तासिकेनंतर कागदी यादी समोर ठेवून एकेक क्रमांक तपासावा. आधी प्रत्येक चित्राच्या फाइलमध्ये `<image` शोधावे. कोठे सापडलेच तर तेथला फोटो काढावा. आरशावरून काम केलेल्या मुलांच्या फाइलींतही पेन्सिलचित्राचा फोटो असतो, तोही काढावा. मग आठही संगणकांवरचे फोटोंचे फोल्डर `Shift` आणि `Delete` या कळी एकत्र दाबून काढावेत, म्हणजे ते `Recycle Bin` मध्ये जात नाहीत. तरीही ती पेटी उघडून पाहावी, कारण तासिकेच्या घाईत एखाद्या मुलाने साध्या रीतीने पुसलेला फोटो तेथे पडून असतो. `Downloads` आणि डेस्कटॉपही पाहावेत. पेनड्राइव्ह वापरला असेल तर तोही तपासावा. कॅमेऱ्याचे कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करावे. हे काम दोन शिक्षकांनी मिळून करावे आणि दोघांनी यादीखाली तारखेसह सही करावी. कोणता क्रमांक कोणाचा हे सांगणारा यादीचा स्तंभ त्यानंतर फाडून टाकावा.

त्याच आठवड्यात पालकांकडे दुसरी चिठ्ठी जाते, ती दोन ओळींची असते: "अवतारचित्र उपक्रमासाठी घेतलेले सर्व फोटो दिनांक ____ रोजी संगणक कक्षातील संगणकांवरून आणि कॅमेऱ्याच्या कार्डावरून पुसण्यात आले आहेत. फलकावरील चित्र काढून घ्यावयाचे असल्यास वर्गशिक्षकांना कळवावे." मूळ पत्र, भरून आलेल्या चिठ्ठ्या आणि ही सह्यांची यादी एकाच पाकिटात घालून मुख्याध्यापकांकडे द्यावी.